तक्रारीचे बटण आणि जाहिरातीचा गल्ला

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अर्धवेळ नोकरीच्या नावाखाली लूट करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. बातमी एका दिवसात विरली. मात्र त्या निवेदनातील एक तपशील मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. या टोळ्या सावज शोधायला दारोदार फिरत नव्हत्या, त्यांनी जाहिराती विकत घेतल्या होत्या. 'घर बैठे जॉब', 'घर बैठे कमाई कैसे करें' अशा शब्दांना धरून गूगल आणि मेटाच्या मंचांवर, अनेक भारतीय भाषांत, परदेशातील जाहिरातदारांकडून या जाहिराती दिल्या जात होत्या. त्यांचा रोख निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण यांच्यावर होता.

याचा अर्थ असा की फसवणुकीची पहिली पायरी हा रीतसर झालेला व्यवहार होता. कुणीतरी पैसे भरले, कुणीतरी ते स्वीकारले आणि कोणत्या माणसाच्या पडद्यावर ही जाहिरात उमटेल हे एका स्वयंचलित लिलावाने ठरवले. फसवल्या गेलेल्या माणसाच्या 'लोभा'वर आपण एवढे बोलतो की या आधीच्या व्यवहाराची चर्चाच राहून जाते.

व्याप्ती समजण्यासाठी दोनच आकडे पुरेत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले होते, तर २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. आणि २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत, ज्या 'डिजिटल अटके'ची देशभर चर्चा होती तिच्यात सुमारे १२० कोटी गेले, तर शेअर खरेदी-विक्रीच्या बनावट व्यवहारांत १,४२० कोटी. म्हणजे भीती दाखवून जेवढे लुटले गेले त्याच्या जवळजवळ बारापट आशा दाखवून लुटले गेले. ही आशा बहुतेक वेळा एखाद्या चित्रफितीतून पोहोचते.

या लुटीचा साचा आता पुरेसा परिचित झाला आहे. तो एका कल्पित माणसाच्या वाटेने पाहू. भोपाळमधील एक निवृत्त अभियंता घ्या. त्याला भ्रमणध्वनीवर केंद्रीय अर्थमंत्र्यांची चित्रफीत दिसते. त्यांच्याच आवाजात त्या सांगतात की एकवीस हजार रुपये गुंतवल्यास महिन्याभरात कित्येक पट परतावा मिळेल आणि योजनेला सरकारचा पाठिंबा आहे. खाली एक दुवा आहे. तो दाबला की आपण व्हॉट्सॲपच्या एका गटात जातो. तिथे शंभरेक सदस्य, एक 'प्रोफेसर' आणि प्रत्येक प्रश्नाला अदबीने उत्तर देणारी त्यांची 'सहायक' असते. पंधरा दिवस कुणी पैसे मागत नाही. रोज एखाद्या शेअरचे नाव सांगितले जाते आणि संध्याकाळी सदस्य आपल्या नफ्याची छायाचित्रे टाकतात. हे सदस्य बहुतांशी एकाच टोळीचे असतात, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

मग एक ॲप येते, बहुधा थेट दुव्यावरून उतरवून घेण्याचे. अभियंता पन्नास हजार भरतो. आठवड्यात पडद्यावर अडुसष्ट हजार दिसतात. तो दहा हजार काढून पाहतो आणि ते खरोखर खात्यात येतात. इथेच त्याची शंका संपते. पैसे परत आले म्हणजे धंदा खरा, असे कोणीही समजेल. वास्तविक ते दहा हजार त्याच्याच पन्नास हजारांतले असतात. टोळीच्या दृष्टीने तो जाहिरातीच्या खर्चाचाच पुढचा हप्ता असतो.

यानंतर तो पाच लाख भरतो. काही दिवसांनी त्याला सांगितले जाते की एका मोठ्या कंपनीच्या प्रारंभिक भागविक्रीत, म्हणजे आयपीओत, 'संस्थात्मक खात्या'तून त्याला अठरा लाखांचे शेअर मिळाले आहेत. उरलेली रक्कम दोन दिवसांत भरली नाही तर खाते गोठेल. तो ठेव मोडतो, मुलाकडून उसने घेतो. अखेर सगळे काढून घ्यावे म्हटले तर नफ्यावरचा वीस टक्के 'कर' आधी भरा, असा निरोप येतो.

या प्रवासात फसवणूक ओळखण्याची संधी कुठे होती? अनेक जण सांगतात की चित्रफितीतल्या ओठांकडे पाहा, डोळ्यांची उघडझाप पाहा. मला हा सल्ला दिवसेंदिवस निरुपयोगी होत चाललेला वाटतो. बनावट चित्रफिती चांगल्या होत आहेत आणि लहान पडद्यावर, घाईत, चाळिशीच्या पलीकडच्या नजरेला ओठांचा मेळ कितीसा कळणार? त्यापेक्षा बोलणारी व्यक्ती असे बोलू शकते का, हा प्रश्न भक्कम आहे. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपले व्यवस्थापकीय संचालक आशिषकुमार चौहान यांच्या बनावट चित्रफितींबद्दल इशारा द्यावा लागला. बाजाराच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला शेअरची शिफारस करण्याचा अधिकारच नाही, असे त्या वेळी स्पष्ट करण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या नावाने फिरणाऱ्या गुंतवणुकीच्या चित्रफितींबाबत हेच केले. गव्हर्नर, अर्थमंत्री किंवा बाजाराचा प्रमुख विशिष्ट योजनेत पैसे टाका असे सांगत असेल, तर चित्रफीत कितीही हुबेहूब असली तरी ती खोटीच असते.

याहून पक्क्या खुणा पैशाच्या वाटेवर असतात. परकीय संस्थात्मक गुंतवणूकदाराच्या मार्गाने किंवा 'संस्थात्मक खात्या'तून शेअर मिळवून देण्याचा दावा खोटा आहे, हे सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. निवासी भारतीयाला तो मार्ग, अगदी मोजके अपवाद वगळता, खुला नाही आणि 'संस्थात्मक खाते' अशी सोय शेअर व्यवहारांत नाहीच. आयपीओचे तर आणखी सोपे आहे. अर्ज केल्यावर रक्कम आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते आणि शेअर मिळाले तरच, तेवढ्यापुरतीच वळती होते. जेवढ्यासाठी अर्ज केला त्याहून जास्त शेअर गळ्यात पडले आणि आता फरक भरा, असे या पद्धतीत घडूच शकत नाही. कराचेही तसेच. नफा काढून घेण्यापूर्वी दलालाकडे वेगळा कर जमा करण्याची कोणतीही पद्धत आपल्याकडे नाही.

आणि सगळ्यांत निर्णायक कसोटी ॲपच्या बाहेर असते. खरा शेअर व्यवहार झाला तर त्याची सूचना शेअर बाजाराकडून आपल्या नोंदवलेल्या क्रमांकावर किंवा ई-मेलवर येते आणि शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांच्या विवरणात दिसतात. ॲपमध्ये पंचवीस लाख आणि डीमॅट विवरणात शून्य असेल, तर ते पंचवीस लाख म्हणजे पडद्यावर रंगवलेले आकडे आहेत. पैसे भरतानाही हेच पाहावे. रक्कम नोंदणीकृत दलालाच्या नावावर न जाता दर वेळी कुठल्यातरी अनोळखी 'ट्रेडर्स' किंवा 'एंटरप्रायझेस'च्या चालू खात्यात जात असेल, तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी @valid असा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले आहेत, आणि पैसे पाठवण्यापूर्वी तो पत्ता किंवा बँक खाते तपासण्यासाठी SEBI Check ही सोय दिली आहे. एवढी उपयुक्त गोष्ट अजून पुरेशा लोकांना ठाऊक नाही. घोटाळ्याच्या जाहिराती जितक्या वेळा दिसतात, तितक्या वेळा ही सोय दिसत नाही, म्हणून.

नोकरीच्या जाहिरातींचा साचा याचाच धाकटा भाऊ. चित्रफितींना पसंती द्या, नकाशावर हॉटेलांना तारे द्या, प्रत्येक कामाचे पन्नास-शंभर रुपये मिळतील. पहिले काही शे रुपये मिळतात. मग 'मोठ्या कामा'साठी आधी अनामत भरावी लागते आणि ती गोठते. खरा मालक कामगाराकडून पैसे घेत नाही, ही एक ओळ इथे पुरते. परंतु या जाहिरातींची दुसरी जात अधिक क्रूर आहे. थायलंडमध्ये संगणकावरचे चांगल्या पगाराचे काम, असे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारच्या सीमेवरच्या कोंडवाड्यांत नेले गेले आणि तिथे त्यांच्याकडून फसवणुकीचे संदेश लिहून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना परत आणले. भोपाळच्या अभियंत्याशी अदबीने बोलणारी ती 'सहायक' म्हणजे कदाचित दुसऱ्याच एका जाहिरातीला फसलेला, पारपत्र काढून घेतलेला एखादा तरुण असू शकतो.

आता तक्रारीकडे वळतो. माझ्या ओळखीतले बहुतेक जण अशी जाहिरात दिसली की 'लपवा' हा पर्याय दाबतात आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतात. त्याने ती जाहिरात फक्त आपल्यापुरती जाते, शेजाऱ्याच्या पडद्यावर ती तशीच राहते. तक्रारीचा पर्याय वेगळा आहे. जाहिरातीच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखाली Report ad असे लिहिलेले असते आणि पुढे कारण विचारले की फसवणुकीचे कारण निवडायचे असते. 'आवडली नाही' किंवा 'वारंवार दिसते' हे निवडल्यास ती तक्रार म्हणून मोजलीच जात नाही. यूट्यूबवर जाहिरात आणि साधी चित्रफीत यांच्या तक्रारीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

मी स्वतः एका मंचावर अशाच एका जाहिरातीची तक्रार केली. त्या मंचाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की जाहिरातीत नियमभंग आढळला नाही. असे का होते, याचे एक तांत्रिक कारण आहे. सराईत जाहिरातदार एकाच दुव्यामागे दोन पाने ठेवतात. मंचाचा तपासनीस किंवा त्याची यंत्रणा आली की योगासनांचे किंवा पाककृतींचे निरुपद्रवी पान उघडते, आणि ठरावीक देशातून, भ्रमणध्वनीवरून, जाहिरात दाबून आलेल्या माणसालाच घोटाळ्याचे पान दिसते. म्हणून नुसते बटण दाबणे पुरेसे नसते. आपल्याला काय दिसले याचा पुरावा लागतो, आणि तो तक्रारीच्या आधी जमवावा लागतो, कारण पान ताजे झाले की जाहिरात नाहीशी होते. पडद्याचे चित्रमुद्रण, जाहिरातदाराच्या पानाचे नाव, दुव्याचा पूर्ण पत्ता, दिनांक आणि वेळ एवढे ठेवले तरी चालते. मेटाच्या जाहिरात ग्रंथालयात (facebook.com/ads/library) त्या पानाचे नाव टाकले तर त्याच्या सध्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती आणि प्रत्येकीचा क्रमांक मिळतो. अनेकदा एकाच चित्रफितीच्या डझनभर प्रती सापडतात आणि पानाचे जुने नाव भलतेच असल्याचे उघड होते. गूगलच्या जाहिरातींसाठी adstransparency.google.com येथे जाहिरातदाराचे पडताळलेले नाव आणि देश दिसतो. सरकारी योजनेची म्हणवणारी जाहिरात परदेशातील एखाद्या अनोळखी कंपनीच्या नावावर असेल, तर तक्रारीत लिहायला याहून चांगले वाक्य कोणते?

पैसे गेलेच असतील तर मात्र आधी १९३० हा क्रमांक आणि cybercrime.gov.in, मंच नंतर. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवण्याची संधी तासांत मोजली जाते, जाहिरात काढण्याची घाई त्यापुढे दुय्यम आहे. जिथे जाहिरातदार खरा आहे, पत्ता आहे, पण 'शंभर टक्के नोकरीची हमी' सारखा दावा खोटा आहे, तिथे प्रकरण वेगळे. तिथे भारतीय जाहिरात मानक परिषद आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांच्याकडे जावे. प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते.

इथे वाचक विचारेल, की एवढा खटाटोप करून मंच ऐकतो का? नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवर आधारित जे वृत्त दिले, ते या प्रश्नाचे अस्वस्थ करणारे उत्तर आहे. त्या कागदपत्रांतील एका अंदाजानुसार २०२४ च्या उत्पन्नातील सुमारे दहा टक्के, म्हणजे सोळा अब्ज डॉलर, घोटाळ्यांच्या आणि प्रतिबंधित वस्तूंच्या जाहिरातींतून येणार होते. जाहिरातदार फसवा असल्याची यंत्रणेला ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंदी केली जाई. खात्री त्याहून कमी असेल तर त्याच्याकडून अधिक दर आकारला जाई. आणि २०२३ मध्ये वापरकर्त्यांनी केलेल्या खऱ्या तक्रारींपैकी ९६ टक्के दुर्लक्षिल्या किंवा फेटाळल्या गेल्या होत्या. कंपनीने दहा टक्क्यांचा तो अंदाज ढोबळ आणि अतिव्यापक असल्याचे म्हटले आहे, आणि ते नोंदवायला हवे. तरीही संशयिताला जास्त दर लावून जाहिरात चालू ठेवण्याचे धोरण पाहिले की तक्रारीचे बटण आणि गल्ला यांचे हितसंबंध कसे एकमेकांविरुद्ध आहेत, हे समजते.

भारतीय कायदा या ठिकाणी अर्धाच उपयोगी पडतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक मोठ्या मंचाला भारतात निवासी तक्रार अधिकारी नेमणे आणि चोवीस तासांत तक्रारीची पोच देणे बंधनकारक केले. बटणाने काम झाले नाही तर पुरावा जोडून या अधिकाऱ्याला ई-मेल लिहावा. त्याचे उत्तर पटले नाही तर तीस दिवसांत gac.gov.in वर सरकारी तक्रार अपील समितीकडे जाता येते. वकील लागत नाही. ही वाट फार थोडे लोक वापरतात, याचे मला वाईट वाटते. कारण मोठ्या संस्थांकडे दुसरी वाट असते. राष्ट्रीय शेअर बाजार जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि तक्रार मिळाल्यापासून दहा तासांत बनावट चित्रफिती हटवण्याचा आदेश मिळवला. अभियंत्याला दहा तास कोण देणार?

खरी अडचण पुढे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली मंचांना इतरांच्या मजकुराबाबत संरक्षण मिळते, आणि श्रेया सिंघल खटल्यातील २०१५ च्या निकालानंतर न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मंचाला 'प्रत्यक्ष माहिती' झाली असे मानले जाते. नागरिकांच्या अभिव्यक्तीच्या दृष्टीने हा निकाल योग्यच होता. कुणाच्याही तक्रारीवर लेख किंवा टीका हटवली जाऊ लागली तर ते भयंकर ठरेल. पण पैसे घेऊन, लिलाव करून, प्रेक्षक निवडून दाखवलेली जाहिरात आणि एखाद्याने लिहिलेले मत यांना एकच छत्र का? दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये व्यापारचिन्हांच्या एका वादात गूगलला जाहिरात कार्यक्रमातील सक्रिय सहभागी मानले. हाच विचार घोटाळ्यांच्या जाहिरातींना लावायला हवा.

सेबीने एक पाऊल उचलले आहे. मार्च २०२५ मध्ये तिने नोंदणीकृत मध्यस्थांना सांगितले की गूगल आणि मेटावर जाहिरात करायची तर सेबीकडे नोंदवलेल्याच ई-मेल व भ्रमणध्वनीने खाते उघडा, म्हणजे मंच पडताळणी करू शकतील. गुंतवणुकीत हे शक्य आहे, कारण तपासायला एक यादी आहे. नोकरीच्या जाहिरातींना अशी यादीच नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालांची नोंदणी उत्प्रवास कायद्याखाली ई-मायग्रेट संकेतस्थळावर असते, आणि त्यांच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. ही यादी मंचांच्या जाहिरात खात्यांशी जोडण्यात काय अडचण असावी, मला समजत नाही. 'घरबसल्या कामा'चे काय, हा प्रश्न तरीही उरतो. देशांतर्गत नोकरभरती संस्थांना देशभर लागू होणारा परवान्याचा कायदा नाही. त्यामुळे तिथे मंचांकडून निदान एवढे तरी मागता येईल, की नोकरीची जाहिरात देणाऱ्याची भारतीय ओळख आणि पैसे भरणाऱ्या खात्याचे नाव पडताळल्याशिवाय ती दाखवू नये.

युरोपने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी पुढचा विचार केला. तेथील संसद आणि सदस्य देश यांच्यात झालेल्या समझोत्यानुसार, घोटाळ्याचा मजकूर कळवूनही मंचाने तो हटवला नाही, तर ग्राहकाला भरपाई देणाऱ्या बँकेची रक्कम मंचाने द्यायची आहे. म्हणजे कळवल्याचा दिनांक आणि वेळ यांना आर्थिक किंमत आली. आपल्या अर्थ आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयांनी हाच एक मुद्दा उचलला तरी अभियंत्याच्या शेजाऱ्याने तीन दिवस आधी केलेली, 'नियमभंग आढळला नाही' म्हणून परत आलेली तक्रार दावा उभा करू शकेल. तोवर ते उत्तर आणि तक्रारीचा क्रमांक पुसून टाकू नका, अपील समितीच्या अर्जात दोन्ही लागतात.